गेम-तासाचं पत्र: निवडीचा नियम कसा लिहावा

> पुढच्या महिन्यापासून दादरच्या आमच्या शाळेत संगणक कक्षात शिक्षकांसमोर गेम-तास ठेवतोय. पालकांच्या पत्रात ‘वयाला योग्य खेळच निवडू’ एवढं पुरेल का?

नाही पुरणार, मॅडम. प्ले स्टोअरवरचा ३+ किंवा ७+ हा शिक्का मुख्यतः खेळातली हिंसा, भाषा, दृश्यं यांच्याबद्दल असतो. समोरचा अनोळखी खेळाडू चॅटमध्ये काय लिहील, हे त्यात धरलेलं नसतं, आणि पालकांची खरी धास्ती तीच. म्हणून पत्रात शिक्का ही पहिली चाळणी म्हणा. त्यापुढे ‘चॅट बंद करता येत नसेल किंवा खेळताना खरेदीची खिडकी उघडत असेल, तर तो खेळ घेणार नाही’ हे स्पष्ट लिहा.

सोबत एक उदाहरण द्या, नुसता नियम पालक वाचून सोडून देतात. बुद्धिबळासाठी ‘लिचेस’ घ्या: फुकट, जाहिराती नाहीत, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये ‘किड मोड’ लावला की संदेश, चॅट सगळं बंद. तो चालू असताना वरच्या लोगोपाशी हसरा चेहरा दिसतो, त्यामुळे रांगेतून फिरतानाच बाईंना कळतं. मात्र ही सोय खात्याला असते, संगणकाला नाही. चेहरा दिसला नाही तर पोराने बहुधा घरचं खातं उघडलंय. (उघडतातच!) तेव्हा ‘फक्त शाळेने दिलेल्या खात्यातून’ हे वाक्य पत्रात हवंच.

मुलांनी खेळ सुचवावेत की नाही? जरूर, पण आधी शिक्षकाने स्वतः अर्धा तास खेळून बघावा.