एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी दिसतेय, कुणाला दाखवावं?

मीनल७७: भावाच्या (वय ४१) उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी दिसतेय. आज दुपारी लक्षात आलं. नजर स्वच्छ आहे, दोन-दोन दिसत नाही, डोळा लाल नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय. तोवर थांबलं तर चालेल का, एवढंच सांगा. स्कॅनच्या फेऱ्यात आत्ताच पडायचं नाहीये.

सदानंद: थांबा बिनधास्त. माझ्या बाहुल्या लहानपणापासून लहान-मोठ्या आहेत. पाचांतल्या एकाला थोडाफार फरक असतोच. दुखत नसेल तर काही नसतं.

गोदातीर: नंबर वाढला असेल. माझ्या मुलीलाही एका डोळ्याने कमी दिसायचं, चष्मा लागला आणि प्रश्न मिटला.

मीनल७७: नंबराचा प्रश्न नाहीये हो. दोन्ही डोळ्यांनी नीट वाचतोय तो.

विश्वास_क: नेब्युलायझर घेतो का? माझ्या वडिलांचा मास्क एका बाजूने सैल होता, वाफ डोळ्यात गेली आणि बाहुली ही एवढी झाली. आम्ही रात्रभर दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी आपोआप उतरली. सॅल्ब्युटामॉलने होतं ते.

अनुजा_नेत्र: सॅल्ब्युटामॉलने नाही, त्याच्यासोबत देतात त्या इप्राट्रोपियमने.

मीनल, मी नेत्रविभागात काम करते. आधी दोन गोष्टी बघा. त्याचे जुने फोटो मोठे करून पाहा, फरक पूर्वीपासून आहे का. मग त्याला समोरच्या भिंतीकडे बघायला सांगा, आधी भरपूर उजेडात आणि नंतर दिवा मालवून. अंधारात मोबाइलची बॅटरी हनुवटीच्या खालून, बाजूने धरा, थेट डोळ्यात नको. आपले डोळे गडद तपकिरी, त्यामुळे बाहुलीची कड एरवी दिसत नाही. फरक कुठे जास्त वाटतो ते सांगा. पापण्याही बघा.

सदानंद: एवढं घाबरवायची गरज आहे का? मी पण तेच म्हणतोय, जुने फोटो बघा.

मीनल७७: बघितलं. मागच्या महिन्यातल्या फोटोत दोन्ही सारख्या आहेत. उजेडात फरक जेमतेम जाणवतो. दिवा मालवला की उजवी पटकन मोठी होते, डावी मागे राहते, बऱ्याच वेळाने थोडी उघडते. डावी पापणी किंचित खाली आहे, मला वाटलं जागरणामुळे.

अनुजा_नेत्र: मग बिघाड मोठ्या बाहुलीत नाही, डाव्या, लहान बाहुलीत आहे. उजेडात फरक वाढला असता तर मोठीला दोष दिला असता, कारण ती मिटत नसती. इथे लहान बाहुली अंधारात उघडत नाहीये. तिला उघडणारे आणि पापणी थोडी वर धरणारे तंतू मानेतून वर जातात, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला चिकटून. दोन्ही एकाच बाजूला बिघडले की त्याला हॉर्नर म्हणतात. मान, जबडा किंवा डोळ्यामागे दुखतंय का? मानेला हिसका बसला होता का?

मीनल७७: हो! परवा माळ्यावरची पेटी उतरवताना मान लचकली. तेव्हापासून डाव्या बाजूला कानाखाली दुखतंय.

विश्वास_क: लचक असेल तर तेल लावून चोळून घ्या, उतरेल.

अनुजा_नेत्र: मान चोळू नका, मोडूनही घेऊ नका. अशा हिसक्याने धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. तिथे गुठळी होऊन वर सरकली तर पक्षाघात होतो, आणि तो धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त. चीर गेलीच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, पण ती नाही हे आजच कळायला हवं. गुरुवारपर्यंत थांबू नका, तातडीच्या विभागात न्या. मेंदूचा साधा स्कॅन करून घरी पाठवलं तर ही गोष्ट सुटू शकते. मानेच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी किंवा तसाच एमआरआय लागतो.

शलाका: माझ्या नणंदेच्या बाबतीत उलट होतं. मोठी झालेली बाहुली, त्याच बाजूची पापणी पूर्ण मिटलेली, दोन-दोन दिसणं आणि भयंकर डोकं दुखणं. रक्तवाहिनीला फुगा निघाला, वेळेवर नेलं म्हणून वाचली. सदानंद, तिला नजरेचा काही त्रास आधी नव्हता.

सदानंद: माझा फरक उजेडात आणि अंधारात सारखाच असतो, पापणीही सरळ आहे. यांची गोष्ट वेगळी दिसते, हे मान्य. पण प्रत्येकाला दवाखान्यात पळवायचं हे मला पटत नाही.

मीनल७७: भाऊ थेट मोठ्या दवाखान्यात यायला तयार नाही. कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आत्ता जातोय. ते म्हणतील तसं.

अनुजा_नेत्र: चालेल, पण आत्ताच जा, आणि गाडी भावाला चालवू देऊ नका. त्यांना तीन गोष्टी एकत्रच सांगा: डावी बाहुली लहान, डावी पापणी खाली, परवापासून डावी मान दुखतेय. एकेक सुटी सांगितली की जागरण आणि लचक म्हणून औषध मिळतं. त्यांनी उद्यावर ढकललं तरी तुम्ही आज न्या. वाटेत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा उजवा हात-पाय लुळा वाटला तर डॉक्टरांकडे न थांबता थेट तातडीच्या विभागात.

मीनल७७: तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. निघतोय.