मदत हवी आहे : रात्रीच्या छायाचित्रातील पाटीवरची वेलांटी

पेठकरी
लक्ष्मी रस्त्यावरील एका परिचितांच्या दुकानाचे छायाचित्र मी रात्री आयएसओ ३२०० वर काढले होते. आतून उजळणाऱ्या पिवळ्या अक्षरांत ‘साडि घर’ असे लिहिलेले होते. पुणेच असल्यामुळे ती ऱ्हस्व वेलांटी महिनाभरही टिकली नाही आणि पाटी दुरुस्त झाली. छायाचित्र मात्र जुनेच हवे आहे, कारण त्या रात्रीची रोषणाई आता उतरली आहे. फोटोशॉपमध्ये जुनी वेलांटी क्लोन स्टँपने पुसली, तर तिथे पिवळट डाग राहतो. नवी दीर्घ वेलांटी चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकते आहे?

रंगारी
`Outer Glow` द्यावा. त्याचा रंग छायाचित्रातूनच, अक्षराच्या मध्यातून उचलावा.

निशाचर
रंग छायाचित्रातून घ्यावा हे खरे, पण मध्यातून नको. तिथे तिन्ही रंग कमाल मर्यादेला टेकल्याने पांढराच मिळेल. खरा पिवळा कडेच्या वलयात आहे. फाइल ३२ बिटमध्ये न्या आणि वेलांटीला तोच पिवळा द्या, मात्र पांढऱ्याच्या चार-पाच पट तीव्र. मग मध्य आपोआप पांढरा पडतो. तिच्या तीन प्रती ४, १६ आणि ६० पिक्सेलनी धूसर करून, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरीच मंद ठेवून, `Linear Dodge` ने वर ठेवा. खरे वलय अक्षरालगत दाट असते आणि दूरवर विरळ होत जाते, ते एका `Outer Glow` मध्ये साधत नाही. आकडे शेजारच्या ‘स’च्या वलयाशी ताडून बदला.

डाग म्हणजे जुन्या वेलांटीचे उरलेले वलय. तिचेही असेच वलय तयार करून `Subtract` ने वजा करा. तिथे पूर्ण काळोख आणू नका, कारण शेजारच्या कान्याचा उजेड तिथे पडतोच. वेलांटीच्या नेमक्या जागी मात्र पाटीचा पृष्ठभाग रंगवूनच भरावा लागेल.

सदाशिवकर
माझ्याही फोटोत रस्त्यावरच्या दिव्यांची पिवळी झाक येते. आधी व्हाइट बॅलन्स सुधारला की पाटी स्वच्छ वाचता येते.

निशाचर
येथे पाटी वाचता येण्याचा प्रश्न नाही. झाक काढायचीच असेल तर ती दुरुस्ती सर्व थरांच्या वर ठेवावी, म्हणजे नवे अक्षर आणि जुने छायाचित्र सारखेच बदलतील.

नॉइज शेवटी घाला, तोही रंगवलेल्या भागात आणि वलयाच्या मंद कडांवर. पांढऱ्या मध्यात तो नसतोच. `Add Noise` चे दाणे एकेका पिक्सेलचे असतात, कॅमेऱ्याचे त्याहून जाड आणि रंगीत ठिपक्यांचे, म्हणून तो जवळच्या अंधाऱ्या भिंतीवरूनच उचलावा.

पेठकरी
डाग गेला आणि वेलांटी बसली. आता नवाच पेच दिसतो आहे : समोर उभ्या मोटारीच्या टपावर पाटीचे प्रतिबिंब आहे आणि त्यात ‘साडि’च आहे.

रंगारी
तिथे कोण पाहणार?

निशाचर
पुण्यात पाहतील. पण टप वक्र आहे, अक्षरे ताणली गेली आहेत. `Warp` ने जमेल की तेवढे टप अंधारात नेणे बरे, हे छायाचित्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.