मदत हवी आहे: कामावर परत घेतलं, पण मागच्या पगारातून नेमकं किती कापतात?

मांजलपूरकर: मकरपुरा जीआयडीसीतली नोकरी. बडोद्याच्या लेबर कोर्टाने बडतर्फी रद्द केली. सलग नोकरी आणि पूर्ण मागचा पगार, त्यातून ‘त्या काळात अन्यत्र झालेली कमाई वजा’, असा निवाडा आहे. पगार १८,००० होता, काळ ३० महिन्यांचा. १० महिने काम नव्हतं, १४ महिने १२,०००वर होतो, ६ महिने २१,०००वर. कंपनी २,४६,००० देऊ म्हणते. बरोबर आहे का?

रावपुरा_४: दादा, दुसरीकडची कमाई सिद्ध करायची ती कंपनीने. तुम्ही गप्प बसा.

हिशेबनीस: हे अर्धंच खरं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या दीपाली सुरवसे निकालानुसार आपल्याला काम नव्हतं किंवा कमी पगारावर होतं, हे आधी कामगाराने सांगायचं. मग उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय पीएफच्या पासबुकात नवीन मालकाचं नाव आणि महिने दिसतात. लपवलेलं उलटतपासणीत निघालं की बाकीच्या हिशेबावरचाही विश्वास जातो.

आता आकडे. कंपनीने सगळा काळ एकत्र धरला आहे: ५,४०,०००मधून २,९४,००० वजा. महिन्यावारी करा. रिकामे १० महिने १,८०,०००. पुढच्या १४ महिन्यांत फरक ६,०००, म्हणजे ८४,०००. शेवटच्या ६ महिन्यांत शून्य. बेरीज २,६४,०००. त्या सहा महिन्यांत दरमहा ३,००० जास्त मिळाले, ते कंपनीने रिकाम्या महिन्यांतून कापले. अठरा हजारांचा फरक तिथे आहे. आणि १८,००० हा जुना पगार. सलग नोकरी धरली आहे, तेव्हा बरोबरच्यांना मिळालेली वाढही मांडा.

वाडीकर: आमच्या भावाला हायकोर्टात केस चालू असताना दरमहा पैसे मिळायचे. तेही कापतात का?

हिशेबनीस: ते जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १७ब, वेगळी गोष्ट. अपील चालू असेपर्यंत शेवटचा पगार, आणि दुसरीकडे काम नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. इथला प्रश्न निवाड्यानंतरचा आहे. पण त्याच महिन्यांचे पैसे मिळाले असतील तर ते वळते होणार, दुप्पट पगार मिळत नाही.

मांजलपूरकर: निवाड्यात ‘महिन्यावारी’ असा शब्द नाही. आणि १२,०००च्या कामाला रोज वाघोडियापर्यंत जावं लागायचं. बसभाडं वजा करता येईल?

हिशेबनीस: बसभाड्यावर भरवसा ठेवू नका, ते मान्य होईलच असं नाही. वेगळा रकाना करून पास जोडा, मुख्य बेरजेत मिसळू नका. रक्कम ठरवून घेण्याचा अर्ज २०२५पर्यंत औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३क(२)खाली व्हायचा, आता औद्योगिक संबंध संहितेखाली. तो करताना महिन्यावारी तक्ता मुख्य ठेवा, एकत्र बेरजेचा पर्याय म्हणून खाली द्या. अशा अर्जावर कोर्ट फक्त रक्कम काढतं, निवाडा बदलत नाही. म्हणून वजावटीच्या त्या ओळीचा अर्थ काय, यावरच वाद होईल. तुमच्या बाजूने सांगायचं ते एवढं: पगार महिन्याचा, नुकसानही त्याच महिन्याचं.

रक्कम एकदम आली की कर जास्त कापला जाईल. थकीत पगारावरची करसवलत घ्यायची तर रिटर्न भरण्याआधी तिचा फॉर्म भरा; मार्च २०२६पर्यंत मिळालेल्या रकमेला तो आयकर कायद्याच्या कलम ८९साठीचा १०ई.

रावपुरा_४: पासबुकात १२,०००च्या जागी कमी पगार दिसत असेल तर?

हिशेबनीस: दिसू शकतो, पीएफ बऱ्याचदा पूर्ण पगारावर कापत नाहीत. बँकेचा उतारा जोडा, हातात आलेला आकडा तिथे दिसतो.