युनिटीत पाचही लेव्हलना एकच रंगछटा ठेवायची आहे: लट कशी लावावी? (खर्चाची मर्यादा ₹3000)

माचीवरचा:
नमस्कार. आम्ही दोघे मिळून अँड्रॉइडसाठी एक छोटा गेम करत आहोत. युनिटी आणि यूआरपी वापरतो, कलर स्पेस लिनिअर आहे. गेम सह्याद्रीतल्या एका काल्पनिक किल्ल्यावर घडतो आणि त्यात पाच लेव्हल आहेत: पायथ्याचे गाव, जंगल, महादरवाजा, खडकात खोदलेले पाण्याचे टाके आणि रात्रीची माची. मृगाच्या आधी आभाळ भरून येते, त्या वेळचा कोंदट, पिवळसर-करडा उजेड सगळीकडे जाणवावा अशी इच्छा आहे. गावाच्या लेव्हलवर तयार केलेली लट, म्हणजे कोणत्या रंगाच्या जागी कोणता रंग दाखवायचा हे सांगणारा LUT तक्ता, तिथे अगदी मनासारखी दिसते, पण तीच जंगलात लावली की सगळे हिरवट-निळे होते आणि टाक्यात मशालीचा उजेड गुलाबी पडतो. प्रत्येक लेव्हलला वेगळी लट करावी, की एकच ठेवून दुसरे काही बदलावे? एखादे साधन विकत घ्यावे लागले तर ₹3000 पर्यंत जमेल, त्याहून अधिक नाही.

पटलावरचा_राजा:
सर्वात आधी मॉनिटर बदला, असे मी सांगेन. मी गेल्या दिवाळीत रंगांच्या कामासाठीचा मॉनिटर आणि कॅलिब्रेटर एकत्र घेतले. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या पुढे गेले, पण त्यानंतर माझे रंग कधीही चुकलेले नाहीत. ज्या पडद्यावर खरा रंगच दिसत नाही, त्यावर लट बनवणे व्यर्थ आहे.

सावली_आणि_ऊन:
राजा साहेब, त्यांनी मर्यादा ₹3000 सांगितली आहे. शिवाय एकच लट एकाच मॉनिटरवर गावात बरोबर आणि जंगलात चूक दिसत असेल, तर दोष मॉनिटरचा कसा?

माचीवरचा, मी तयार लटचा एक संच विकत घेतला होता आणि त्यातून मनस्तापाखेरीज काही मिळाले नाही. त्यातल्या बहुतेक लट सिनेमाच्या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या फिकट, लॉग चित्रीकरणासाठी होत्या. गेमचे चित्र आधीच पडद्यासाठी तयार झालेले असते; त्यावर तशी लट लावली की सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि उजेडाचा भाग जळतो. पैसे परत मिळाले नाहीत, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

रीळवाला:
मी लग्नाच्या व्हिडिओंचे काम करतो. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या, एक क्लिप रंगवा, क्लिपवर उजवे बटण दाबून `.cube` काढा आणि ती सगळ्या क्लिपांवर टाका. काम झाले. यात एवढा विचार कशाचा, ते मला समजले नाही.

दिवटी:
रीळवाला, ते व्हिडिओबद्दल विचारत नाहीत, चालू गेमबद्दल विचारत आहेत. रिझॉल्व्ह 17, 33 किंवा 65 बिंदूंची `.cube` देते आणि यूआरपीचे `Color Lookup` ती थेट घेत नाही. त्याला 1024×32 ची आडवी पट्टी लागते. तरीही तुमचा मार्ग अगदी टाकाऊ नाही: कोणताही बदल नसलेली मूळ पट्टी घ्यावी, फोटोशॉपमध्ये तिच्यावर ती `.cube` लावावी आणि पट्टी PNG म्हणून साठवावी.

आता मूळ प्रश्न. लटला लेव्हल कळत नाही, तिला फक्त पिक्सेलची किंमत कळते. तुमच्या लटने गडद छटांमध्ये थोडा निळा-हिरवा आणि मधल्या छटांमध्ये पिवळा मिसळला असणार. गावात बहुतेक चित्र मधल्या छटांत असते, म्हणून पिवळसर दिसते. जंगलात जवळजवळ सगळे चित्र गडद छटांत उतरते आणि त्या साऱ्यावर निळा-हिरवा चढतो. म्हणजे लट दोन्हीकडे एकच काम करत आहे. लेव्हलच्या उजेडाची पातळी मात्र वेगवेगळी आहे.

हे पडताळण्यासाठी प्रत्येक लेव्हलमध्ये, खेळाडू जिथे सर्वाधिक वेळ असतो तिथे, एक करडा, चमक नसलेला गोल ठेवा. लट आणि टोनमॅपिंग तात्पुरते बंद करून स्क्रीनशॉट घ्या आणि गोलाच्या उजेडाकडच्या बाजूची किंमत वाचा. समजा गावात 120 आली आणि जंगलात 60, तर `Post Exposure` एक स्टॉपने वाढवल्यावर जंगलातली किंमत सुमारे 85 होईल. उरलेला फरक दिव्यांनी भरून काढा. सगळ्या लेव्हल तंतोतंत एका आकड्यावर आणायची गरज नाही, रात्रीची माची गडदच हवी. पण गोल लटच्या एकाच पट्ट्यात, म्हणजे मधल्या छटांत, यायला हवा.

रंगपेटी_पुणे:
माझे मत वेगळे आहे. बाहेरून लट आणायचीच कशाला? व्हॉल्यूममध्ये `Lift, Gamma, Gain`, `White Balance` आणि `Color Curves` आहेतच. युनिटी हे सगळे आतल्या आत एका लटमध्ये भाजून घेते आणि पिक्सेलमागे एकदाच वाचते. आपली लट जोडली की दुसरे वाचन वाढते आणि त्याने मोबाइलवर गेम निम्म्या वेगाने चालतो.

दिवटी:
पहिले बरोबर आहे, दुसरे नाही. एका जादा वाचनाने वेग निम्मा होत नाही. तसा झाला असेल तर कारण बहुधा ब्लूममध्ये किंवा पूर्ण रिझोल्यूशनच्या दुसऱ्या एखाद्या पासमध्ये सापडेल. व्हॉल्यूमच्या आकड्यांचा खरा फायदा निराळा आहे: एका व्हॉल्यूममधून दुसऱ्यात जाताना ते हळूहळू बदलतात. `Color Lookup` मधली पट्टी तशी बदलत नाही. `Contribution` हळूहळू बदलतो, पण पट्टी सीमेवर पाऊल पडताच एकदम बदलते आणि चित्र दचकल्यासारखे दिसते.

पटलावरचा_राजा:
चित्र दचकते ते स्वस्त पॅनलवर अधिक जाणवते, हेही लक्षात घ्यावे.

कातळशिल्प:
मी अनरिअलवर काम करते, तरी लिहिते. आमच्याकडे लटची पट्टी 256×16 ची असते आणि अधिकृत दस्तऐवजच सांगतो की लटचा परिणाम वेगवेगळ्या पडद्यांवर सारखा येत नाही. आमच्याकडे आपोआप एक्स्पोजर मुळातच चालू असते, त्यामुळे माणूस गुहेतून बाहेर आला की लट तीच असूनही वातावरण सरकते. मी ते एका मर्यादेत बांधून ठेवले आणि तेव्हाच माझ्या लेव्हल एकमेकींशी जुळल्या. लट ही शेवटची पायरी आहे, हे सावली_आणि_ऊन यांच्या अनुभवातूनही दिसतेच.

माचीवरचा:
सर्वांचे आभार. दिवटी यांनी सांगितल्याप्रमाणे गोल ठेवून पाहिले. गावात 118, जंगलात 57, टाक्यात 31 आले. जंगलाचे कारण त्यामुळे स्पष्ट झाले. टाक्यात मशाल गुलाबी का होते, ते मात्र अजून समजले नाही. दुसरे असे की संपादकात जे दिसते ते फोनवर तसे येत नाही: फोनवर आभाळात चौकोनी डाग पडतात. लट पाठवणाऱ्या सहकाऱ्याच्या संगणकावर तर तिचा काहीच परिणाम दिसत नाही.

दिवटी:
तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

सहकाऱ्याकडे काहीच परिणाम होत नसेल तर पट्टीच्या आयात-सेटिंगमध्ये `sRGB` वरची खूण काढली आहे का, ते पाहा. ती खूण असेल, किंवा पट्टीची उंची यूआरपी अॅसेटमधल्या `LUT size` शी जुळत नसेल, तर यूआरपी ती पट्टी लावतच नाही. इन्स्पेक्टरमध्ये इशारा दिसतो, पण खेळताना काहीही सांगितले जात नाही.

फोनवरचे चौकोनी डाग हे कॉम्प्रेशनचे लक्षण आहे. `Default` मध्ये कॉम्प्रेशन `None` असले तरी `Android` च्या रकान्यात वेगळे सेटिंग असू शकते. तिथेही कॉम्प्रेशन काढा, मिपमॅप बंद ठेवा आणि `Max Size` 1024 पेक्षा कमी नाही याची खात्री करा. मग बदल नसलेली मूळ पट्टी लावून फोनवर पाहा. `Contribution` 0 आणि 1 यांत चित्र सारखेच दिसले, तरच वाट स्वच्छ आहे असे समजा. हे पाहिल्याशिवाय रंगांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

मशालीचे कारण बहुधा असे आहे की गावाच्या स्क्रीनशॉटवर लट घडवताना त्यात गडद नारिंगी कुठेच नव्हता, म्हणून त्या छटांचे काय होते ते तुम्हाला दिसलेच नाही. पाचही लेव्हलचे स्क्रीनशॉट, टोनमॅपिंग चालू आणि लट बंद ठेवून, एकाच मोठ्या चित्रात शेजारी शेजारी मांडा आणि त्याच चित्राच्या खाली मूळ पट्टी चिकटवा. रंगांचे बदल त्या साऱ्यावर एकदम करा. फक्त कर्व्ह, ह्यू, सॅचुरेशन असे सगळीकडे सारखे लागू होणारेच बदल करायचे; एका कोपऱ्यापुरते काही रंगवले किंवा धूसर केले तर पट्टी बिघडते. शेवटी पट्टी कापून PNG करा, JPG नको. क्रिटा किंवा गिंपमध्ये हे फुकट होते, ₹3000 तसेच राहतील.

सावली_आणि_ऊन:
पाचही लेव्हल शेजारी मांडणे हेच मीही सुचवणार होते. त्यात खेळाडूने उचलायच्या वस्तूंचेही स्क्रीनशॉट घाला. आमच्या गेममध्ये औषधाची लाल कुपी लटनंतर तपकिरी झाली होती आणि चाचणीला आलेल्या मुलांना ती जमिनीवर दिसतच नव्हती.

रंगपेटी_पुणे:
मी अजूनही म्हणतो की बाहेरची लट नको. पाच लेव्हल, पाच व्हॉल्यूम, सगळे आकडे हळूहळू बदलतात. याहून सोपे काय आहे?

दिवटी:
सोपे आहे, पण मशालीचा नारिंगी तेवढा वाचवायचा तर `Color Curves` मधल्या ह्यूच्या वक्रांवर बराच वेळ जाईल. तेच चित्र शेजारी ठेवून पट्टीवर करणे मला जलद वाटते. ज्याला दोन पट्ट्यांमध्ये हळूहळू जायचे आहे, त्याने संक्रमणाच्या वेळी त्या एका रेंडर टेक्स्चरमध्ये मिसळाव्यात. ते टेक्स्चर लिनिअर असले पाहिजे:

```csharp
lutRT = new RenderTexture(1024, 32, 0,
    RenderTextureFormat.ARGB32,
    RenderTextureReadWrite.Linear);

// संक्रमण चालू असताना, t = 0 ते 1
blendMat.SetTexture("_LutB", lutB);
blendMat.SetFloat("_T", t);
Graphics.Blit(lutA, lutRT, blendMat);
colorLookup.texture.Override(lutRT);
```

`blendMat` च्या शेडरमध्ये दोन्ही पट्ट्या वाचून `lerp` एवढेच करायचे आहे. पण तुमच्या बाबतीत मी एकच पट्टी ठेवेन आणि लेव्हलप्रमाणे फक्त एक्स्पोजर आणि `White Balance` बदलेन.

कातळशिल्प:
मलाही एकच पट्टी योग्य वाटते. दोन पट्ट्या झाल्या की तिसरी येतेच आणि मग प्रत्येक नव्या वस्तूचा रंग तीन ठिकाणी तपासावा लागतो.

रीळवाला:
एकच लट सगळीकडे टाका, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते.

माचीवरचा:
पुन्हा सर्वांचे आभार. `Android` च्या रकान्यात कॉम्प्रेशन चालू होते. ते काढल्यावर डाग गेले. सहकाऱ्याकडे `sRGB` ची खूण होती. जंगल उजेडात आणून गोलाची किंमत 96 पर्यंत नेली आणि गावाचीच पट्टी तिथे नीट बसली. महादरवाजा आणि माची यांनाही तीच चालते.

टाक्यासाठी मात्र आम्ही वेगळी पट्टी ठेवणार आहोत. पाचही चित्रे शेजारी मांडून पाहिले, तेव्हा मशाल वाचवायला गेलो की गावातल्या मातीचा पिवळेपणा कमी होत होता आणि तो गमावायची आमची तयारी नाही. टाक्यात उतरायच्या पायऱ्यांवर तसाही पडदा पूर्ण काळा होतो. पट्टी तिथेच बदलू, म्हणजे मिसळण्याचा कोड लागणार नाही. आता एकच अडचण उरली आहे: टाक्यातल्या सर्वांत गडद भिंतींवर आमच्या जुन्या फोनवर रंगांच्या पायऱ्या दिसतात, नव्या फोनवर दिसत नाहीत. मूळ पट्टी लावली तरी त्या तशाच राहतात, त्यामुळे लटवर संशय नाही. यूआरपी अॅसेटमध्ये HDR बंद आहे. ते चालू केल्यावर जुन्या फोनवर वेग किती उतरतो, हे कोणी मोजले असेल तर कृपया लिहावे.

पटलावरचा_राजा:
पायऱ्या दिसतात तो फोन कोणता आहे?