दोन फीडचे भाव जुळले नाहीत तर ऑर्डर थांबवायची कशी? सल्ला हवा

गंगापूर_रोडकर
पायथनमध्ये लिहिलेलं माझं रूटीन निफ्टीच्या ऑप्शनमध्ये सौदे करतं. दोन वेगळ्या ब्रोकरांचे वेबसॉकेट फीड घेतलेत. दोघांच्या एलटीपीत २ रुपयांपेक्षा जास्त फरक दिसला की ऑर्डर जाऊ नये, एवढाच नियम ठेवलाय. पण डीप आयटीएम स्ट्राइकवर दिवसभर खोटे अलार्म वाजतात. मर्यादा वाढवू का? किती ठेवू?

सातपूर_एमआयडीसी
दोन्हींची सरासरी काढा आणि ५ रुपयांची मर्यादा ठेवा. सरासरी घेतली की एका फीडची चूक निम्मी होते.

जुना_टर्मिनलवाला
सातपूरभाऊ, मर्यादा हवीच, तेवढं बरोबर. पण एक फीड अडकलं असेल तर सरासरी म्हणजे बाजारात कुठेच नसलेला भाव. त्यावर लिमिट ऑर्डर टाकून काय मिळणार?

रोडकर, अलार्म वाजतो त्या क्षणाचा लॉग टाका. दोन्ही फीडची बिड, आस्क, एलटीपी आणि शेवटच्या सौद्याची वेळ.

गंगापूर_रोडकर
हा घ्या काका, ९:४७:१२ चा.
अ: बिड ४१३.१०, आस्क ४१६.४०, एलटीपी ४१५.६०, सौदा ९:४७:१२
ब: बिड ४१२.९०, आस्क ४१६.५०, एलटीपी ४०९.२०, सौदा ९:४६:३४
पुढच्या सेकंदाला ब मध्येही ४१५.६० आलं.

जुना_टर्मिनलवाला
यात दोन्ही फीड खरंच बोलतायत. डीप आयटीएममध्ये सौदे विरळ असतात. अडतीस सेकंदांनी एक सौदा झाला, तो अ च्या स्नॅपशॉटमध्ये आधी आला आणि ब च्या नंतर. रिटेलला मिळणारं फीड प्रत्येक टिक देत नाही, मधूनमधून फोटो काढल्यासारखं देतं, त्यामुळे असं सेकंदभराचं अंतर पडतंच. बिड-आस्क मात्र त्या वेळीही एकमेकांवर नीट बसलेत. म्हणून एलटीपी सोडा आणि भावपट्टे तपासा:

```python
def ok(a, b, now):
    if now - a.ts > 3 or now - b.ts > 3:
        return False
    return a.bid <= b.ask and b.bid <= a.ask
```

`ts` मध्ये शेवटच्या सौद्याची वेळ घेऊ नका, नाहीतर विरळ स्ट्राइकवर कायम कुलूप लागेल. एक्सचेंजने पाकिटावर मारलेली वेळ घ्या आणि मशीनचं घड्याळ एनटीपीने जुळवून ठेवा. `False` आलं की नवीन ऑर्डर त्याच क्षणी बंद. पुन्हा सुरू करताना मात्र सलग पाच वेळा `True` येऊ द्या, नाहीतर फीड लटपटत असताना कुलूप उघडझाप करत राहतं. ३ सेकंद आणि पाच वेळा हे माझे आकडे, तुम्ही आपल्या लॉगवरून ठरवा.

लासलगावकर
आमच्याकडेही हेच. कांद्याचा भाव एका ॲपवर लासलगावचा वेगळा, दुसऱ्यावर पिंपळगावचा वेगळा. मी जास्तीचा धरतो 😀

जुना_टर्मिनलवाला
दादा, त्या दोन बाजार समित्या आहेत, तिथला फरक खराच असतो. एनएसई आणि बीएसईवर एकाच शेअरचा भाव थोडा वेगळा असतो, तसं. इथे एकाच एक्सचेंजचा भाव दोन वाटांनी येतोय, तो जुळायलाच हवा. रोडकर, यावरून आठवलं, शेअरसाठी वापराल तेव्हा एक फीड एनएसईचं आणि दुसरं बीएसईचं लावलेलं नाही ना, ते पाहा.

सिडको_नाशिक
फरक कसा दिसतो त्यावरूनही दोष कळतो. बरोबर शंभरपट असेल तर एक फीड पैशात येतंय. दिवसभर हटत नसेल तर बहुतेक टोकन मॅपिंग चुकलंय, साप्ताहिकच्या जागी मासिक एक्स्पायरी लागलीय. फक्त बाजार पळतो तेव्हाच येत असेल तर एक फीड मागे पडतंय. आणि दोन्ही फीड घरच्या एकाच ब्रॉडबँडवर असतील तर पावसात लाइन गेली की दोन्ही एकदमच अडकतील. एकमेकांशी जुळलेलेच दिसतील.

जुना_टर्मिनलवाला
म्हणूनच ताई, वरच्या कोडमध्ये आधी वय तपासलंय, मग भाव. तरी उगम एकच, हे राहतंच. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहारच काही तास थांबले होते. अशा दिवशी दहा फीड असली तरी काय करणार?

गंगापूर_रोडकर
`ok` लावलं. सकाळपासून एकदाच वाजलं. ब चे भाव ४१३/४१६ वर थिजले होते आणि अ ३९८/४०१ ला पोचलं होतं, म्हणजे खरा दोष. पण तेव्हा माझी पोझिशन उघडी होती. नवीन ऑर्डर थांबली, बाहेर पडायचं कसं?

सातपूर_एमआयडीसी
सरळ मार्केट ऑर्डर. आधी बाहेर पडा.

जुना_टर्मिनलवाला
तीन रुपयांच्या स्प्रेडमध्ये मी नाही टाकणार. पोझिशन घेतानाच एक्सचेंजकडे स्टॉप-लॉस लिमिट ऑर्डर टाकून ठेवतो, तिला आपल्या फीडची गरज नसते. ऑप्शनमध्ये एसएल-एम एनएसईने २०२१ मध्येच बंद केलं. त्यामुळे ट्रिगर आणि लिमिटमध्ये मोकळं अंतर ठेवावं लागतं.

सिडको_नाशिक
आणि भाव ते अंतर उडी मारून ओलांडून गेला तर, काका?

जुना_टर्मिनलवाला
तर ऑर्डर तशीच पडून राहते. त्यावर माझ्याकडे अजून पक्का उपाय नाही. मी अशा वेळी ब्रोकरच्या डीलरला फोन करतो.