‘दाखल करायची गरज नव्हती’ म्हणून कॅशलेस नाकारलं? आपापले अनुभव इथं मांडा

उदगीरचा शिक्षक (धागा सुरू करणारा)

मागच्या सप्टेंबरात आईला डेंग्यू झाला. वय ५६. पाच दिवस लातूरला दवाखान्यात होती, बिल ६४,३०० रुपये झालं. पॉलिसी सहा वर्षांपासून चालू, एकही हप्ता चुकलेला नाही. तरी पहिल्याच संध्याकाळी कॅशलेस नामंजूर झाल्याचं पत्र आलं: रुग्णाची प्रकृती स्थिर, उपचार ओपीडीत शक्य, दाखल करण्याची गरज दिसत नाही.

आई त्या वेळी सलाईनवर होती, घोटभर पाणी सुद्धा पोटात टिकत नव्हतं. आडतीवरून उसने पैसे आणून बिल भरलं. काउंटरवरची मुलगी एवढंच म्हणाली, "सर, कॅशलेस नाही म्हणालेत, क्लेम नाही म्हणाले नाहीत. डिस्चार्जनंतर कागद टाका." हे मला माहीतच नव्हतं. पत्रात खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांची मुदत होती. सहाव्या दिवशी बिलं, पावत्या, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड लावून क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेच वाक्य जसंच्या तसं. तेव्हा पहिल्यांदा मी डिस्चार्ज कार्ड नीट वाचलं. सगळं मिळून चार ओळी होत्या: डेंग्यू ताप, निरीक्षणासाठी दाखल, सलाईन आणि पूरक उपचार, प्रकृती स्थिर. बीपी १२०/८०.

बीपी १२०/८० घरी सोडलं त्या दिवशीचं होतं. दाखल केलं त्या रात्री ते ९२/६४ होतं. कंपनीच्या डॉक्टरनं आईला पाहिलेलंच नाही, त्याच्यासमोर फक्त हा कागद होता. त्या कागदावरून त्यानं काढलेला अर्थ चुकीचा म्हणता येत नव्हता. कागदच अपुरा होता.

मग दवाखान्यात अर्ज देऊन इनडोअर केसपेपरच्या शिक्क्याच्या प्रती मागितल्या. रोजचा बीपी-नाडीचा तक्ता, सलाईनचा तक्ता, नर्सच्या नोंदी, सगळं. पहिल्या रात्रीच्या पानावर सिस्टरनं वेळ टाकून लिहिलं होतं: ११.२० ला उलटी, १.०५ ला उलटी, पोटात दुखतंय, लघवी कमी. हेच मला हवं होतं.

या प्रती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास बसून लेटरहेडवर उपचार गरजेचं पत्र लिहून दिलं. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, सतत उलट्या आणि पोटदुखी ही डेंग्यूतली धोक्याची लक्षणं आहेत, आणि तोंडानं पाणी टिकत नसल्यानं शिरेतूनच द्यावं लागलं. दोन, तापाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ३८.२ होतं, दाखल करताना ४६.१ झालं. म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ, रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असल्याची खूण. तीन, दर सहा तासांनी रक्त तपासून सलाईनचा वेग बदलावा लागत होता, आणि रुग्णाचं घर दवाखान्यापासून ऐंशी किलोमीटरवर, रात्री वाहन मिळण्याची खात्री नाही.

हे पत्र, केसपेपर आणि गावच्या लॅबचा तो जुना रिपोर्ट लावून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. आधीच्या नकारपत्राचा नंबर टाकला आणि त्यातल्या ‘प्रकृती स्थिर’ या शब्दांसमोर पहिल्या रात्रीच्या पानाचा नंबर लिहिला. बाराव्या दिवशी उत्तर आलं. ६०,१२० मंजूर. हातमोजे, नोंदणी फी असले ४,१८० कापले, त्यावर मी भांडलो नाही.

तुमच्यापैकी कुणाला असा नकार आला असेल तर लिहा. जिंकलात तरी, हरलात तरी.

बीडचे एक व्यापारी

सर, तुम्ही उगाच एवढी दगदग केली. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएचा नियमच आहे, एका तासात कॅशलेसचं उत्तर द्यायचं. तास उलटला की मंजूर झालंच म्हणून धरायचं. आमच्या भावाचं उत्तर साडेतीन तासांनी आलतं, मी सरळ सांगितलं की आता पैसे तुम्हीच भरा. अजून भांडायलोय त्यांच्याशी.

नांदेड, दवाखान्याच्या मेडिक्लेम डेस्कवर नऊ वर्षं

दादा, नियम खरा आहे. मे २०२४ च्या परिपत्रकात दाखल होतानाच्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास दिलेत. पण उशीर झाला म्हणून क्लेम आपोआप मंजूर होतो असं त्यात कुठंच नाही. डिस्चार्जला तीन तासांच्या वर लावले आणि त्यामुळं दवाखान्यानं जास्तीचे पैसे लावले, तर तो वाढीव खर्च कंपनीनं सोसायचा, एवढंच आहे. उशिराची तक्रार वेगळी करा, भावाच्या क्लेमचे कागद मात्र वेळेत टाका. त्या भांडणात मुदत निघून जाईल.

त्याच परिपत्रकातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मान्यता लागते, आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला ते पत्रात लिहावं लागतं. ‘दाखल करण्याची गरज दिसत नाही’ एवढंच आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कोणतं कलम? कलम कळल्याशिवाय डॉक्टर तरी पत्रात काय लिहिणार?

सरांचं काम लवकर झालं असतं. पेशंट दाखल असतानाच फेरविचाराची विनंती टाकता येते. आम्ही रोज टाकतो. पण लोक नकार आला की थेट पैसे जमवायला पळतात आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगतात. त्याच संध्याकाळी हिमॅटोक्रिट आणि नर्सचं पान पाठवलं असतं तर बहुतेक तिथंच सुटलं असतं.

डेंग्यूत एक चूक मी नेहमी बघते. नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा फक्त प्लेटलेटवर जोर देतात. प्लेटलेट साठ हजार, पेशंट जेवतोय-खातोय, उलटी नाही, तर समोरचा डॉक्टर म्हणणारच की घरी राहून रोज तपासा. सरांच्या पत्रात प्लेटलेटचा आकडाच नाही, ते मला फार आवडलं.

हिंगोलीच्या एक अंगणवाडी सेविका

माझ्या सासूबाईंना महात्मा फुले योजनेत नाही म्हणाले. आम्ही पण असं पत्र पाठवायचं का? कार्ड आहे आमच्याकडं.

नांदेड, मेडिक्लेम डेस्क

ताई, ती सरकारी योजना आहे, तिचा रस्ता वेगळा. त्याच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा की आजार योजनेच्या यादीत बसत नाही, का दवाखाना योजनेत नाही, का कागद कमी पडला. डॉक्टरांचं पत्र तिथंही लागू शकतं, पण आधी कारण कळू द्या.

परभणी, शेती व खतांचं दुकान

माझं उलटं झालं. सर जिंकले, मी हरलेलो आहे, निदान आजपर्यंत तरी.

चार दिवस ताप, अंग मोडून यायलं, चालताना तोल जायला. संभाजीनगरला दाखल झालो. एमआरआय, सोनोग्राफी, रक्ताच्या ढीगभर तपासण्या, सगळं नॉर्मल. गोळ्या दिल्या आणि चौथ्या दिवशी सोडलं. बिल ८२ हजार. पत्रात कलम दिलेलं आहे, Excl04, म्हणजे फक्त तपासणीसाठी दाखल. माझं म्हणणं, मी हौसेनं गेलतो का? डॉक्टरनं ॲडमिट व्हा म्हणलं म्हणून झालो.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं तेच लिहून पाठवलं. आता विमा लोकपालाकडं तक्रार दिली आहे. मला वाटलं संभाजीनगरला ऑफिस असंल, पण मराठवाड्याचं पुण्याला चालतं. फी नाही, वकील लागत नाही. सुनावणीची वाट बघतोय.

नांदेड, मेडिक्लेम डेस्क

काका, तुमची केस अवघड आहे, खोटं कशाला सांगू? रिपोर्ट नॉर्मल आले यानं तुमची बाजू पडत नाही. दाखल करताना डॉक्टरांना काय वाटत होतं ते महत्त्वाचं. तोल जात होता तर मेंदूज्वराची शंका होती का? त्या शंकेवर शिरेतून औषध सुरू केलं होतं का? केसपेपरच्या पहिल्या पानावर ते असेल तर सुनावणीत तेच पान पुढं करा. चारही दिवस फक्त तोंडाच्या गोळ्या आणि तपासण्या असतील, तर मात्र कंपनीचं म्हणणं टिकू शकतं.

परभणी, शेती व खतांचं दुकान

दोन दिवस सलाईनमधून इंजेक्शन चालू होतं, हे नक्की. कशाचं होतं ते विचारलंच नाही. केसपेपर मागितले तर दवाखाना म्हणतो, ते आम्ही फक्त कंपनीला देतो.

अंबाजोगाईचे निवृत्त फिजिशियन

असं म्हणता येत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागितलेल्याचा हिशेब राहत नाही.

आता आमच्या बाजूचं सांगतो. मी चाळीस वर्षं डिस्चार्ज कार्डं लिहिली. वॉर्डात ३० पेशंट, बाहेर नातेवाईक गाडी लावून उभे, मग शेवटच्या दिवशी पेशंट जसा दिसतो तसं कार्डावर उतरतं. ‘निरीक्षणासाठी दाखल’ हा आमचा सवयीचा शब्द. आम्हाला त्यातून म्हणायचं असतं की पेशंट कोणत्याही क्षणी घसरू शकतो, म्हणून डोळ्यासमोर ठेवलाय. विमा कंपनी त्याचा अर्थ लावते की काही केलंच नाही. माझ्या हातूनही अशी कार्डं गेली असणार, आणि त्याचा भुर्दंड कुणीतरी भरला असणार, याचं वाईट वाटतं.

एक कळकळीची विनंती. डॉक्टरांना कार्ड ‘बदलून’ मागू नका. जुन्या तारखेचं नवं कार्ड केलं आणि ते केसपेपरशी जुळलं नाही, तर खरा क्लेमसुद्धा खोटा ठरतो. सरांनी केलं तसं, आजच्या तारखेचं वेगळं पत्र घ्या, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य केसपेपरमधल्या कुठल्या तरी नोंदीवर उभं असू द्या. केसपेपरमध्ये उलटीची नोंदच नसेल तर मी तरी ती पत्रात कशी लिहू?

सर, घराचं अंतर लिहिलं ते योग्यच केलं. दूर राहणाऱ्या, वाहनाची सोय नसलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला दाखल करून घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनातही आहे. आपल्याकडं वाडी-तांड्यावरून येणाऱ्या कितीतरी लोकांना हे लागू पडतं, पण कार्डावर कुणी लिहीत नाही.

लातूर, विमा एजंट

डॉक्टरसाहेब, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी गरज होती म्हणलं की विषय संपायला पाहिजे. त्यांच्या मतावर कंपनीनं बोलूच नये.

अंबाजोगाईचे निवृत्त फिजिशियन

भावना समजते, पण पॉलिसीतली व्याख्या तेवढ्यावर थांबत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं असावं ही एक अट, आणि उपचार गरजेपेक्षा जास्त नसावा, वैद्यकात मान्य असावा, याही आहेत. म्हणून ‘मी सांगतो म्हणून’ असं पत्र चालत नाही, कारण लिहावं लागतं. कुणाचं मत किती धरायचं यावर लोकपालाकडं दोन्ही बाजूंनी वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

लातूर, विमा एजंट

आहे वेगळं. पेशंटला हात लावून बघितलेला माणूस आणि कागद बघितलेला माणूस यांचं मत सारखं धरणं मला पटत नाही.

उदगीरचा शिक्षक

परभणीच्या काकांसाठी: अर्जाचा मसुदा माझ्याकडं आहे, तीन ओळींचा. पेशंटचं नाव, इनडोअर नंबर, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, आणि ‘नर्सिंग नोंदी व औषध तक्त्यासह’ हे शब्द. ते शब्द घातले नाहीत तर नुसतं कार्ड आणि रिपोर्ट हातात देतात, मला पहिल्यांदा तसंच दिलं होतं. पाठवतो.

परभणी, शेती व खतांचं दुकान

पाठवा सर. सोमवारी संभाजीनगरला जायलोय, पोच घेऊनच येतो. इंजेक्शन कशाचं होतं ते कळलं की इथंच लिहीन.