मदत हवी आहे: पी-व्ही लूपमधून काढलेलं काम ब्रेकच्या कामापेक्षा कमी येतंय

अनघा_मेक
नमस्कार. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लॅबमधल्या एक सिलिंडरच्या चार-स्ट्रोक डिझेल इंजिनवर रीडिंग्ज घेतली आहेत. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, मिनिटाला १५०० फेरे. सिलिंडर हेडमध्ये प्रेशर सेन्सर आणि क्रँकवर एन्कोडर आहे, दर अंशाला एक रीडिंग मिळतं. १०० चक्रांची सरासरी घेतली, क्रँकच्या कोनावरून आकारमान काढलं आणि पी-व्ही लूप काढला. दिसायला छान आला.

पण लूपच्या आतलं क्षेत्रफळ, म्हणजे एका चक्रातलं निव्वळ काम, २६८ ज्यूल येतंय. डायनॅमोमीटरवर टॉर्क २२ न्यूटन-मीटर होता. एक चक्र म्हणजे दोन फेरे, म्हणून शाफ्टवरचं काम 22 × 4π, साधारण २७६ ज्यूल. वायूने पिस्टनवर २६८ केलं आणि शाफ्टवर २७६ पोचलं, असं कसं होईल? घर्षणात काही जायलाच हवं.

क्षेत्रफळ असं काढलंय (दाब पास्कलमध्ये, आकारमान घनमीटरमध्ये):

```python
dV = np.roll(V, -1) - V
W = np.sum((p + np.roll(p, -1)) / 2 * dV)
```

दोन दिवस एककं तपासते आहे. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट द्यायचा आहे.

वर्कशॉपवाला
दोन गोष्टी दिसतात. चार-स्ट्रोकमध्ये खाली एक चपटा लूप असतो, एक्झॉस्ट आणि सक्शनचा. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे तुझ्या कोडमध्ये तो आपोआप वजा होतो. तो सोडून फक्त वरचा लूप घे. दुसरं, सेन्सरचा शून्य वातावरणाच्या दाबावर असेल. सगळ्या रीडिंगमध्ये १ बार मिळव, काम वाढेल.

अनघा_मेक
दोन्ही करून पाहिलं. खालचा लूप १३ ज्यूलचा आहे. तो सोडला तर २८१ होतात, पण मग घर्षणाला ५ ज्यूलच उरतात. आणि १ बार मिळवल्यावर उत्तर जराही बदललं नाही, पुन्हा २६८च.

सोहम_बारावी
ताई, माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. त्रिकोणी चक्र आहे. २ लिटर, १ बारपासून सरळ वर २ लिटर, ३ बार, तिथून तिरकं खाली ५ लिटर, १ बार, मग आडवं परत. आकृतीत दाबाचा अक्ष १ बारपासून सुरू होतो, शून्यापासून नाही. मग त्या अक्षाखालची पट्टी क्षेत्रफळात धरायची ना?

टेस्टबेड
अनघा, १ बार मिळवून काही न बदलणं बरोबरच आहे, आणि सोहमचं उत्तरही त्यातच आहे. पसरताना तो जादा १ बार जितकं काम देतो, तितकंच आकुंचनात परत घेतो, कारण आकारमान शेवटी निघालं तिथेच येतं. सोहम, तिरक्या रेषेखाली सरासरी २ बार गुणिले ३ लिटर, म्हणजे ६०० ज्यूल. परतीच्या रेषेखाली १ बार गुणिले ३ लिटर, ३०० ज्यूल. वजाबाकी ३००, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळही तेवढंच. अक्षाखालची पट्टी दोन्हींत सारखी आहे, ती कटते. चक्र घड्याळाच्या दिशेने आहे म्हणून काम धन.

अनघा, वर्कशॉपवाले म्हणतात तसा खालचा लूप सोडता येतो, तशी पद्धतही आहे. पण तुला शाफ्टशी तुलना करायची आहे. खालच्या लूपचं काम इंजिनलाच करावं लागतं. तो सोडलास तर ते १३ ज्यूल घर्षणाच्या खात्यात टाकावे लागतील.

मला संशय आहे तो टीडीसीचा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या बिंदूचा. एन्कोडरचा शून्य कुणी आणि कसा लावला?

अनघा_मेक
फ्लायव्हीलवर खूण आहे. ती पॉइंटरसमोर आणून शून्य लावला, डोळ्यांनी. पण चूक झालीच असेल तर एकदोन अंशांची, तेवढ्याने इतका फरक पडतो?

टेस्टबेड
पडतो. टीडीसीच्या आधीचा दाब पिस्टनला अडवतो, नंतरचा ढकलतो. सगळ्यात मोठा दाब नेमका त्याच ठिकाणी असतो. तिथला तुझा आलेख एका अंशाने अलीकडे सरकला तर ढकलणाऱ्या बाजूचा मोठा दाब अडवणाऱ्या बाजूला मोजला जातो. क्षेत्रफळ एकीकडे कमी होतं, दुसरीकडे मिळत नाही. तुझ्या बोअर-स्ट्रोकवर ढोबळ हिशोब केला तर अंशामागे ३० ज्यूलच्या आसपास येतात. लूपच्या आकारात मात्र हे डोळ्यांना जवळपास कळत नाही.

तपासायला इंजिन न पेटता फिरतानाचा दाब हवा. तुझा डायनॅमोमीटर एडी करंटचा असेल तर तो इंजिन फिरवणार नाही. रेकॉर्डिंग चालू ठेव, डिझेलचा स्टॉप लिव्हर ओढ, आणि इंजिन थांबेपर्यंतच्या चक्रांतली पहिली काही घे. न पेटलेल्या चक्रात दाबाचं शिखर टीडीसीच्या किंचित आधी येतं, अर्धा ते एक अंश, कारण थोडी उष्णता भिंतींत जाते आणि थोडा वायू रिंगांवरून निसटतो. शिखर त्याहून बरंच आधी दिसलं तर तुझा शून्य चुकला आहे. टीडीसीनंतर दिसलं तरी चुकलाच आहे, फक्त उलट बाजूला.

जहाजी
जहाजावर आम्ही हेच कागदावर करायचो. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांवर इंडिकेटर बसवायचा, ड्रमवर कार्ड काढायचं, प्लॅनिमीटरने क्षेत्रफळ मोजायचं. त्याला कार्डाच्या लांबीने भागलं की सरासरी उंची, आणि स्प्रिंगच्या मापाने गुणलं की सरासरी दाब. ड्रमची गती पिस्टनशी जुळते का हे बघायला त्या सिलिंडरचं इंधन बंद करून कार्ड घ्यायचं. चढती आणि उतरती रेघ जवळजवळ एकमेकांवर बसली पाहिजे. मधे पोट उघडलं तर ड्राइव्ह जुळवल्याशिवाय आम्ही पॉवरचा आकडा लॉगमध्ये लिहीत नसू. पोरी, तुझ्या न पेटलेल्या लूपचंही पोट बघ.

अनघा_मेक
काल संध्याकाळी लॅब उघडून घेतली. न पेटलेल्या चक्रात शिखर टीडीसीच्या सुमारे ३.५ अंश आधी दिसतंय. आणि जहाजी काका म्हणाले तसं पोट उघडलेलं आहे, चढती रेघ उतरतीच्या बरीच वर. दाबाची मालिका ३ अंश पुढे सरकवली, तेव्हा पोट जवळपास मिटलं. पेटलेल्या चक्राचं काम आता ३५६ ज्यूल. घर्षणाला ८० ज्यूल उरतात, मेकॅनिकल एफिशियन्सी ७८ टक्क्यांच्या आसपास.

आमच्या विलन्स लाइनवरून, म्हणजे इंधन आणि पॉवरच्या आलेखाची रेघ मागे वाढवून, घर्षण १.१ किलोवॅट आलं होतं. सेकंदाला साडेबारा चक्रं, म्हणजे चक्रामागे ८८ ज्यूल. ८ ज्यूलचा फरक राहतोच.

वर्कशॉपवाला
विलन्सची रेघ शून्य इंधनापर्यंत वाढवताना हात जरा हलला तरी तेवढा फरक पडतो. ती रेघ जास्त लोडला वाकते, फक्त कमी लोडचे बिंदू घेऊन बघ.

टेस्टबेड
तेही खरं. पण माझ्या मते अर्धा अंश इकडेतिकडे असेलच, आणि अर्धा अंश म्हणजे १५ ज्यूल. शिखर किती आधी यायला हवं हे इंजिनच्या वेगावर आणि तापमानावर ठरतं, आणि तू घेतलेली चक्रं वेग उतरतानाची आहेत. शिवाय एक अंशाच्या रीडिंगमधून शिखराची जागा काढताना वरच्या पाचसात बिंदूंवर परवलय बसव, नुसता सर्वात मोठा आकडा घेऊ नकोस. रिपोर्टमध्ये ३५६ बरोबर अधिक-उणे १५ लिही.

अनघा_मेक
परवलय बसवलं, शिखर ३.३ अंश आधी आलं. मग २.६ अंश सरकवायचे की ३? टीडीसी थेट मोजायचा सेन्सर आमच्याकडे नाही. हेड न उघडता तो बिंदू पक्का करायची पद्धत कुणी वापरली असेल तर सांगा.

जहाजी
इंजेक्टर काढून त्या भोकातून डायल गेज पिस्टनवर टेकवता येतो का बघ. टीडीसीच्या दोन्ही बाजूंना गेज सारखंच दाखवेल अशा दोन जागांवर क्रँकचा कोन घे आणि मध्य काढ. पण तुझ्या हेडमध्ये इंजेक्टर तिरका असेल तर सळी पिस्टनपर्यंत नीट पोचणार नाही. आधी तेवढं बघून सांग.